आजोबांच्या चित्रावरची खिडकी

राजापूरकडच्या मामाच्या घरी पुढच्या खोलीत आजोबांनी काढलेलं एक जलरंगचित्र होतं. जैतापूरच्या खाडीत उभा असलेला पडाव, त्याचं अर्धवट गुंडाळलेलं शीड, उजवीकडे माड आणि वर मोकळं आभाळ. आजोबा चित्रकलेचे मास्तर होते. त्यांच्या शाळेची स्मरणिका निघणार होती आणि संपादकांना हेच चित्र हवं होतं. पण गेल्या पावसाळ्यात कौलं सरकली, भिंतीवरून पाणी उतरलं आणि फ्रेमच्या मागून आत शिरलं. महिन्याभराने कुणाच्या तरी लक्षात आलं तोवर रंग ओघळले होते आणि कागदावर काळी बुरशी धरली होती. म्हणजे चित्र उरलं नव्हतं. उरले होते ते घरातल्यांनी कधीतरी काढलेले फोटो, आणि त्या प्रत्येकावर समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब.

मी पुण्यात पुस्तकांच्या मांडणीचं काम करतो. फोटो सरळ करणं, रंग जुळवणं हे रोजचं. त्यामुळे मामाने फोन करून "तुला जमेल ना?" असं विचारलं तेव्हा मी आधी फोटो मागितले. त्यातही व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नकोत, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असं तीनदा सांगितलं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि वरून दाबलाही जातो. चकाकी काढायच्या कामात हे फार नडतं, कारण आपल्याला हवी असलेली माहिती नेमकी पुसट फरकांमध्ये असते आणि दाबताना पहिल्यांदा तीच जाते.

शेवटी हाताला लागलं ते असं. मामेभावाने भरदुपारी चित्रासमोर उभं राहून काढलेला एक फोटो, मूळ फाइल, 4000 बाय 3000 पिक्सेल. मावशीने त्याच दिवशी जरा उजवीकडून काढलेला दुसरा, पण तिचा फोन बदललेला, म्हणून फक्त व्हॉट्सॲपवरची 1600 पिक्सेलची प्रत. आणि मावसबहिणीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ, ज्यात कॅमेरा पाहुण्यांवरून फिरता फिरता चार-पाच सेकंद या भिंतीवर येतो.

पहिल्यांदा भावाचा फोटो मोठा करून नुसता बघत बसलो. चित्राच्या मधोमध, किंचित उजवीकडे, एक काळपट आकार दिसत होता: भावाचं डोकं आणि खांदे. तो आकार म्हणजे फोटोचा सगळ्यात खराब भाग असं कुणालाही वाटेल. मामालाही तसंच वाटलं होतं, "मधे हा ठोंब्या उभा आहे" असं त्याने कळवलं होतं. पण खरं म्हणजे संपूर्ण फोटोत स्वच्छ भाग तेवढाच होता. भाऊ खिडकी आणि चित्राच्या मधे उभा होता, त्याच्या अंगात गडद शर्ट होता, म्हणून तेवढ्या भागात खिडकीचा उजेड काचेवर पोचलाच नव्हता. त्या काळपट आकाराच्या आत चित्राचे खरे रंग होते. त्याच्या बाहेर जे उजळ आणि छान दिसत होतं ते खोटं होतं.

काच प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के उजेड परत फेकते, म्हणजे पुढचा आणि मागचा मिळून 8 टक्के. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण वैशाखातल्या दुपारी बाहेरचं अंगण आतल्या भिंतीपेक्षा कित्येक पट उजळ असतं, त्यामुळे त्याचे 8 टक्केसुद्धा चित्रावर पडलेल्या उजेडाला गिळून टाकतात. यात आपल्या उपयोगाची एकच गोष्ट आहे. प्रतिबिंब चित्राच्या उजेडात भर घालतं, त्यातून काही काढून घेत नाही. म्हणून एकाच जागेचे दोन फोटो असतील तर जो जास्त गडद तो खऱ्याच्या जवळ, हे धरून चालायला हरकत नसते. आणि जिथे भर पडून पिक्सेल 255 वर, म्हणजे आकड्यांच्या शेवटच्या टोकावर, जाऊन टेकला, तिथे खाली काय होतं हे त्या फोटोपुरतं कायमचं गेलं.

तेव्हा आधी पाहायचं की कुठे टेकला आहे. जिंप या फोटो संपादनाच्या प्रोग्राममध्ये Colors मेनूतलं Threshold उघडून खालची मर्यादा 254 केली. जे पांढरं राहिलं ते मेलेले पिक्सेल, बाकीचं जिवंत. भावाच्या फोटोत तीन वेगळे प्रदेश निघाले. डोक्याच्या वर, चित्रातल्या आभाळावर, खिडकीतलं खरं आभाळ पडलं होतं आणि तो भाग साफ गेला होता. खांद्याच्या डावीकडे, बरोबर शिडावर, खिडकीचा तो भाग येत होता जिथे बाहेर आंब्याच्या कलमाची सावली आहे. तिथे हिरवट धुकं पसरलं होतं, पण त्याखाली शीड, डोलकाठी, दोऱ्या पुसट का होईना दिसत होत्या. आणि उजव्या टोकाला, माडाच्या बुंध्याशी, तीनेक सेंटीमीटरची उभी पट्टी उन्हातल्या अंगणाने जाळली होती. आजोबांच्या सहीचा शेवट त्याच पट्टीत.

मावशी दोन पावलं उजवीकडे सरकून उभी होती, त्यामुळे तिच्या फोटोत खिडकी चित्राच्या उजव्या कडेला गेली होती. आभाळ स्वच्छ, शीडही स्वच्छ, पण उजवी कड भावाच्या फोटोपेक्षा जास्त रुंद जळलेली. शिवाय मुळात लहान फाइल, त्यात चित्र तिरकं, त्यामुळे दोऱ्यांच्या जागी नुसता राखाडी भुसा.

इथेच कामाची वाटणी ठरली. आभाळ म्हणजे पाण्याने पसरवलेला सपाट वॉश, त्यात बारीक काही नाही, तेव्हा ते मावशीच्या अस्पष्ट फोटोतून घेतलं तरी चालणार. शिडाला आणि दोऱ्यांना तपशील लागतो, तो फक्त भावाच्या फोटोत आहे, तेव्हा तिथलं धुकं वजा करायचं. उजव्या पट्टीसाठी व्हिडिओ.

पण त्याआधी तिन्ही गोष्टी एकाच आकारात बसवायला हव्यात. रिकामी फ्रेम अजून भिंतीवर होती, म्हणून मामेभावाकडून माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, आतल्या मोकळ्या जागेचं माप टेपने घेऊन मागवलं: 50 बाय 34 सेंटीमीटर. हे माप मिळालं नसतं तर तिरक्या फोटोवरून लांबी-रुंदीचं प्रमाण अंदाजाने धरावं लागलं असतं आणि पडाव थोडा बुटका किंवा उंच झाला असता. एका सेंटीमीटरला 50 पिक्सेल धरले की 2500 बाय 1700 होतात. 300 डीपीआयला ते साधारण 21 सेंटीमीटर रुंद छापलं जातं, स्मरणिकेच्या पानाला तेवढं पुरेसं होतं.

प्रत्येक फोटोत माउंटच्या आतल्या चार कोपऱ्यांचे आकडे जिंपमध्ये कर्सर ठेवून वाचले आणि इमेजमॅजिक या लेखी आज्ञांवर चालणाऱ्या प्रोग्रामला दिले. डावीकडचा वरचा कोपरा आधी, मग घड्याळाच्या दिशेने:

```
magick bhau.jpg -virtual-pixel black -distort Perspective \
 "610,540 0,0  3340,498 2500,0  3402,2371 2500,1700  575,2330 0,1700" \
 -crop 2500x1700+0+0 +repage bhau_sidha.png
```

जोडीतला पहिला आकडा फोटोतली जागा, दुसरा ती जिथे जायला हवी ती जागा. मावशीची फाइल लहान असल्याने ती आधी अडीचपट मोठी करून मग हेच केलं, नाहीतर कापताना 2500 पिक्सेलच भरत नाहीत. मोठं केल्याने तपशील वाढत नाही, फक्त मापं जुळतात.

कोपरे जुळले म्हणजे सगळं जुळलं असं होत नाही. दोन्ही चित्रं एकावर एक लेयर म्हणून ठेवली आणि वरच्या लेयरचा मोड Difference केला. जिथे दोन्ही सारखी तिथे काळं, जिथे सरकलेली तिथे कडांना उजळ रेघ दिसते. कडेला सगळं काळं होतं, पण मधे पडावाच्या काठाला चार-पाच पिक्सेलची दुहेरी रेघ. जलरंगाचा कागद कोकणातल्या दमटपणात फुगतो, मधे पोक काढतो, तेव्हा समोरून आणि बाजूने तो सारखा दिसत नाही. चार कोपऱ्यांचं गणित सपाट कागदासाठी आहे. उरलेला फरक Warp Transform हत्याराने मोठा ब्रश घेऊन मावशीच्या लेयरला हळूहळू ढकलून काढला. भावाचा लेयर हा पाया, त्याला हात लावायचा नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळता येत नाही, कारण दोन पिक्सेलची चूकसुद्धा शिवण दाखवते.

मग रंग. मावशीच्या फोनने चित्र पिवळट काढलं होतं, भावाच्या फोनने निळसर. नशिबाने माउंटच्या कडेला एक बोटभर न रंगवलेल्या कागदाची पट्टी होती आणि ती दोन्ही फोटोंत डावीकडे चकाकीविना होती. तो कागद, पडावाचा डांबरासारखा काळा बुडखा, आणि मधल्या पाण्याचा करडा वॉश अशा तीन जागा निवडल्या. तिन्ही दोन्ही फोटोंत स्वच्छ असल्याची खात्री केली आणि Curves मध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळे ओढून मावशीचे आकडे भावाच्या आकड्यांवर आणले. हे डोळ्यांनी करू नये. चकाकीच्या शेजारी रंग नेहमी फसवतो, म्हणून पिपेटने आकडे वाचायचे.

जोडताना एक सोपी वाट दिसते. वरच्या लेयरला Darken only मोड दिला की प्रत्येक ठिकाणी गडद तो पिक्सेल आपोआप निवडला जातो, आणि इमेजमॅजिकमध्ये तर `-evaluate-sequence Min` ही एका ओळीची गोष्ट आहे. मी ते करून पाहिलं. खिडकी बऱ्यापैकी गेली, पण सगळं चित्र दमट झाल्यासारखं काळवंडलं. कारण फोटोत जो बारीक रवाळ दाणा असतो, गडद निवडताना त्यातलाही गडद दाणाच निवडला जातो, आणि जिथे जिथे अर्ध्या पिक्सेलची चूक राहिली तिथे प्रत्येक काळी रेघ जाड होते. डोलकाठी दुप्पट झाली होती. एकाच कॅमेऱ्याने, एक्स्पोजर लॉक करून, ट्रायपॉडवर काढलेले पाच-सात फोटो असते तर हीच वाट उत्तम होती. दोन वेगळ्या फोनच्या फोटोंना ती झेपत नाही.

म्हणून मास्क. मावशीच्या लेयरला काळा मास्क लावला, म्हणजे तो पूर्ण दडला, आणि फक्त आभाळावर पांढऱ्या मऊ ब्रशने त्याला उघडत गेलो. मास्कची कड सपाट वॉशच्या मधून न नेता चित्रातल्याच एखाद्या रेषेवरून न्यायची. मी ती खाली क्षितिजावरच्या डोंगराच्या कडेवरून आणि बाजूला डोलकाठीच्या रेषेवरून नेली. तिथे रंग बदलतच असतो, तेव्हा डोळा शिवण शोधत नाही. आभाळ बसलं, पण ते गुळगुळीत होतं आणि शेजारच्या भागात कागदाचा खरखरीत पोत दिसत होता. भावाच्या फोटोतल्या स्वच्छ भागातला दाणा मोजून तेवढाच हलका दाणा आभाळावर टाकला. हा नव्याने घातलेला दाणा आहे, आजोबांच्या कागदाचा नव्हे. छापताना तो असावा लागतो, नाहीतर तेवढा भाग प्लास्टिकसारखा चमकतो, एवढंच त्याचं समर्थन.

शिडावरच्या धुक्याचं काम मात्र मला सगळ्यात आवडलं, कारण तिथे फोटोनेच किल्ली दिली होती. खिडकीला लोखंडी उभे गज आहेत. बाहेरून उजेड येत असल्याने गज काळे दिसतात, आणि काचेतल्या प्रतिबिंबातही ते काळेच पडले होते. म्हणजे हिरवट धुक्यातून वीस-वीस पिक्सेल रुंदीच्या उभ्या पट्ट्या जात होत्या, आणि त्या पट्ट्यांच्या गाभ्यात प्रतिबिंब जवळजवळ नव्हतंच. तिथे शिडाचा खरा रंग उघडा होता. पट्टीत किती आणि पट्टीशेजारी किती, हे वाचलं की धुकं नेमकं किती जाडीचं आहे ते समजत होतं. मोठं करून पाहिलं तर प्रत्येक गजाच्या एका कडेला एक फिकट जुळी कडही होती. ती काचेच्या दोन पृष्ठभागांची करामत, पुढच्या पृष्ठभागाचं एक प्रतिबिंब आणि मागच्याचं किंचित सरकलेलं दुसरं.

हिरव्या चॅनेलचे एका जागेचे आकडे सांगतो. गजाच्या पट्टीत शिडाचा रंग 150, शेजारच्या धुक्यात तोच रंग 215. फरक 65. साधा विचार असा येतो की धुक्याच्या सगळ्या भागातून 65 वजा करावेत. शिडावर ते बरोबर उतरतं, 215 चे 150 होतात. पण त्याच धुक्यातली डोलकाठी, जी पट्टीत 60 आहे, ती धुक्यात 173 दिसत होती. त्यातून 65 गेले की 108 उरतात. डोलकाठी करडीच राहते, आणि धुकं गेलं तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

कारण फोटोतला आकडा हे उजेडाचं सरळ माप नसतं. 128 म्हणजे 255 च्या निम्मा उजेड नव्हे, जेमतेम एक पंचमांश. आकडे डोळ्यांच्या सोयीने वाकवून ठेवलेले असतात, आणि प्रतिबिंबाची बेरीज मात्र खऱ्या उजेडात झालेली असते. पूर्ण पांढऱ्याला 1 धरून खऱ्या उजेडात मोजलं तर शिडाचे 150 म्हणजे साधारण 0.305 आणि 215 म्हणजे 0.68, फरक 0.375. डोलकाठीचे 60 म्हणजे 0.045, त्यात 0.375 मिळवले की 0.42, आणि ते परत वाकवले की बरोबर 173. हिशेब जुळला. तेव्हा वजाबाकी सरळ उजेडात करायची.

जिंपमध्ये त्यासाठी इमेज आधी Image मेनूतल्या Precision मधून 32-बिट फ्लोटिंग पॉइंटवर नेली. वर एक नवा काळा लेयर, मोड Subtract, आणि लेयरवर उजवं क्लिक करून Blend Space मध्ये RGB (linear) निवडलं. काळा लेयर म्हणजे शून्य वजा, त्याने काही बदलत नाही. आता त्या काळ्यावर खिडकीच्या गजांमधल्या मोकळ्या पट्ट्या हिरवट करड्या रंगाने रंगवल्या, म्हणजे प्रतिबिंबाचंच चित्र पुन्हा काढलं. फोटोत फोकस चित्रावर होता, खिडकी त्याच्या बरीच मागे, म्हणून प्रतिबिंबाच्या कडा मऊ होत्या. माझ्या पट्ट्यांनाही पाच-सहा पिक्सेलचा ब्लर दिला. मग रंगाची गडदता कमी-जास्त करत राहिलो.

कुठे थांबायचं हे गजच सांगतात. वजाबाकी कमी असली तर गज चित्रावर काळ्या पट्ट्या म्हणून दिसतात. जास्त झाली तर उलटं होतं आणि गजांच्या जागी उजळ पट्ट्या उगवतात. बरोबर आकड्यावर ते नाहीसे होतात. गज नसलेल्या खिडकीसमोर ही तपासणी मिळाली नसती, सगळं अंदाजावर गेलं असतं. तरी एका आकड्यात काम भागलं नाही. हल्लीचे फोन फोटोच्या वेगवेगळ्या भागांची उजळणी आपल्या मर्जीने वेगवेगळी करतात, त्यामुळे वरच्या बाजूला धुकं जाड आणि खाली विरळ असं निघालं. पट्ट्यांवर वरून खाली हलका ग्रेडियंट द्यावा लागला. लाल आणि निळ्या चॅनेलचा हिशेबही स्वतंत्र, कारण आंब्याच्या सावलीतून आलेलं धुकं हिरवं जास्त होतं.

असं सोडवलेल्या भागाला किंमत मोजावी लागतेच. शीड आणि डोलकाठी यांच्यात मुळात 90 पायऱ्यांचा फरक होता, तो धुक्यात 42 पायऱ्यांत कोंबला गेला होता. वजाबाकीने त्या 42 पुन्हा ताणल्या, पण मधल्या पायऱ्या कुठून येणार? त्या भागात दाणा जाड झाला आणि शिडावरच्या सावल्या थोड्या टप्प्याटप्प्याने पडल्या. त्यावर हलका नॉइज रिडक्शन मारला, तोही दोऱ्या वगळून.

उरली उजवी पट्टी. व्हिडिओ काढणारा डावीकडे उभा होता, त्यामुळे खिडकी डावीकडे पळाली होती आणि उजवी कड मोकळी होती. तेवढे सेकंद ffmpeg या व्हिडिओच्या प्रोग्रामने चौकटी-चौकटी करून काढले:

```
ffmpeg -ss 00:00:41 -i sakharpuda.mp4 -t 4 -vf fps=5 kadh_%02d.png
```

वीस चौकटी निघाल्या, त्यातल्या बहुतेक कॅमेरा फिरत असल्याने ओढलेल्या. स्थिर दिसणाऱ्या पाच निवडल्या, त्यांना वरच्यासारखंच चार कोपऱ्यांनी सरळ केलं आणि `-evaluate-sequence Median` ने एक केलं. मीडियनने, म्हणजे प्रत्येक जागी पाचांतला मधला आकडा घेतल्याने, दाणा बसतो आणि एखाद्या चौकटीत मधेच आलेलं डोकं निघून जातं. पण व्हिडिओत सगळं चित्र जेमतेम 500 पिक्सेल रुंद होतं. पाच चौकटी मिळूनही त्यात नसलेला तपशील तयार झाला नाही. माडाचा बुंधा आणि त्यामागचं पाणी आलं, झावळ्या गुच्छ म्हणून आल्या. सहीचा पहिला अर्धा भाग भावाच्या फोटोत, त्याच्या खांद्याच्या आडोशाला, अगदी स्पष्ट होता. शेवटची अक्षरं व्हिडिओतून आली ती नुसत्या तपकिरी फराट्यासारखी.

यावरून मामाशी वाद झाला. घरात आजोबांची आणखी चित्रं आहेत, सगळ्यांवर तीच सही.

"दुसऱ्या चित्रावरची उचल नि लाव इथे. त्यांचीच तर आहे," मामा म्हणाला.

"त्यांची आहे, पण या चित्रावरची नाही मामा."

"कोण बघायला येतंय?"

कुणी येणार नाही हे मलाही कबूल होतं. पण आभाळाच्या वॉशची गोष्ट वेगळी आणि सहीची वेगळी. आभाळ मी दुसऱ्या फोटोतून घेतलं ते याच आभाळाच्या. सही दुसऱ्या कागदावरून आणली की ती माझ्या हातची जोड झाली. क्लोनच्या हत्याराला मी पूर्ण कामात हात लावला नव्हता, तो याच कारणाने. शेजारच्या झावळ्या उचलून जळलेल्या जागी चिकटवल्या असत्या तर पाच मिनिटांत उजवी कड भरली असती, आणि आजोबांनी न काढलेला माड त्यांच्या नावावर छापला गेला असता. चित्राऐवजी एखाद्या प्रमाणपत्राचा फोटो असता तर हे आणखी अवघड झालं असतं. तिथे अक्षर नाहीतर आकडा खोटा बसला की सगळा कागदच खोटा. मामाने शेवटी "तुझं तू बघ" म्हणून फोन ठेवला. सहीचा शेवट पुसटच ठेवला आणि चित्राखालच्या ओळीत 'मूळ चित्र नष्ट. उपलब्ध छायाचित्रांवरून जुळवलेली प्रत' असं घातलं. संपादकांना ती ओळ रुक्ष वाटली, पण त्यांनी काढली नाही.

या निमित्ताने गणपतीला गेलो तेव्हा उरलेल्या चित्रांचे फोटो नीट काढून घेतले. त्यातल्या दोन चित्रांचा कागद काचेला चिकटला आहे. फ्रेम उघडली तर रंग काचेबरोबर येईल, म्हणून त्यांचे फोटो काचेसकटच काढायचे होते. रात्री दिवे लागल्यावर खिडकी काळी होते, तेव्हा मोठा शत्रू आपोआप जातो. खोलीतली ट्यूब बंद केली, दोन सारखे एलईडी दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांत ठेवले, म्हणजे त्यांचं प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे न येता पलीकडच्या भिंतीवर जातं. कॅमेऱ्याच्या मागे दोरीवर मामीचं काळं कांबळं वाळत घातल्यासारखं टाकलं, कारण दिव्यांनी उजळलेली पांढरी भिंतही काचेत दिसतेच. मी आणि स्टँडही काळ्यात हवे होतो, म्हणून टायमर लावून बाजूला झालो.

भावाने मुंबईहून पोलरायझर फिल्टर आणला होता, तो खोक्यातच राहिला. काचेवरचं प्रतिबिंब पोलरायझरने कापता येतं ते काचेकडे बरंच तिरकं, लंबापासून साधारण 56 अंशांच्या आसपास पाहिलं तर. समोरासमोर उभं राहून त्याने फक्त फोटो गडद होतो. तेवढं तिरकं जायचं तर चित्र इतकं चेपून येतं की सरळ करताना एका बाजूचा तपशील मरतो.

आणि दिवसाच काढायची वेळ आली तर त्या खोलीपुरता हिशेब सोपा आहे. खिडकी चित्रापासून चार मीटर समोर, कॅमेरा दीड मीटरवर. कॅमेरा बाजूला एक मीटर सरकवला की काचेतली खिडकी पाऊण मीटर सरकते, म्हणजे 50 सेंटीमीटरच्या चित्रावरून ती पार बाहेर जाते. थोडं तिरकं येतं ते चार कोपऱ्यांनी सरळ होतं. मामेभावाला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तेव्हा मी एवढंच सरकायला हवं होतं?" एवढंच. पण तो मधे उभा होता म्हणून सहीचा पहिला अर्धा वाचला, हेही त्याला सांगितलं.

छापखान्यातून प्रूफ आलं तेव्हा शिडावर एक किंचित उजळ उभी पट्टी दिसली, जी माझ्या पडद्यावर दिसत नव्हती. डावीकडून दुसऱ्या गजाची. Subtract लेयरवर तेवढी पट्टी पाव छटा उजळ केली, फाइल पुन्हा पाठवली आणि दुसऱ्या प्रूफात ती गेली. लेयर न चपटवता ठेवलेली मूळ फाइल, तिन्ही मूळ फोटो-व्हिडिओ आणि कोपऱ्यांचे आकडे लिहिलेली टिपणवही मामाच्या पेनड्राइव्हवर टाकून दिली. मावशीचा जुना फोन दुरुस्तीला दिलेला आहे. त्यातून मोठी फाइल निघाली तर आभाळ नव्याने बसवता येईल.